विशेष गुणवत्ता यादीसाठी शेवटच्या सत्रात नेमका किती एसजीपीए हवा?

पाचव्या सत्राचा निकाल लागला की पुण्यातील महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर एक हिशेब हमखास ऐकू येतो: "माझा सीजीपीए ८.९१ आहे, यादीला ९.०० लागतो, म्हणजे शेवटच्या सत्रात ९.०९ पडले की झाले." एसजीपीए म्हणजे एका सत्राची सरासरी आणि सीजीपीए म्हणजे सर्व सत्रांची मिळून सरासरी. हा हिशेब चुकीचा आहे, आणि चूकही थोडीथोडकी नाही. पुढे जे उदाहरण सोडवले आहे त्यात खरे उत्तर ९.४५ येते. बरोबर उत्तर काढायला फारसे गणित लागत नाही. गुणाकार, वजाबाकी आणि भागाकार एवढ्यावर काम भागते. मात्र हिशेब सरासरीच्या भाषेत न करता क्रेडिट पॉइंटच्या भाषेत करावा लागतो. ज्यांना श्रेयांक म्हणजे क्रेडिट पद्धतीचा फारसा सराव नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी तो येथे क्रमाने मांडला आहे.

आधी नियम वाचावा

हा हिशेब दोन गोष्टी निश्चित असतील तरच करता येतो: प्रत्येक सत्राचे क्रेडिट, म्हणजे सरासरीतील त्याचे वजन, किती आणि यादीची किमान मर्यादा किती. काही संस्था "वर्गातील पहिले पाच टक्के" अशा पद्धतीने यादी लावतात. तेथे मर्यादा इतरांच्या निकालावर ठरते, त्यामुळे आधी आकडा काढण्याला अर्थ राहत नाही. काही ठिकाणी यादी फक्त त्या सत्राच्या एसजीपीएवर लागते. तेथे मागच्या सत्रांचा संबंधच नसतो आणि मर्यादा हेच उत्तर असते. हा लेख तिसऱ्या, सर्वांत जास्त गोंधळ होणाऱ्या प्रकाराबद्दल आहे, म्हणजे पदवीच्या अखेरीस एकत्रित सीजीपीए ठरावीक आकड्याला पोहोचला पाहिजे अशी अट असलेल्या यादीबद्दल.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये, स्वायत्त महाविद्यालये आणि खासगी विद्यापीठे यांचे नियम एकसारखे नसतात, म्हणून आपल्या अभ्यासक्रमाची नियमावली स्वतः उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अट "९.०० किंवा अधिक" अशी आहे की "९.०० पेक्षा अधिक" अशी, नेमके ९.०० आले तर या एका शब्दावर नाव राहते किंवा जाते. दुसरी, कोणते क्रेडिट सरासरीत धरले जातात. नुसते उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असे लिहिले जाणारे अभ्यासक्रम बहुधा धरले जात नाहीत, आणि 'स्वयम्'सारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून आणलेल्या क्रेडिटबाबत तर विचारूनच घ्यावे लागते. तिसरी, सर्व विषय पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असण्याची अट आहे का. ती असेल आणि मागे एखादा विषय राहिलेला असेल, तर पुढचा सगळा हिशेब करण्याचे कारण उरत नाही.

गुणपत्रकांवरून क्रेडिट पॉइंट काढणे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतीत ओ श्रेणीला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७ असे श्रेणीगुण मिळतात आणि अनुत्तीर्णाला ० मिळतो. विषयाचे क्रेडिट गुणिले त्यातील श्रेणीगुण म्हणजे त्या विषयाचे क्रेडिट पॉइंट. सत्रातील सर्व विषयांच्या पॉइंटची बेरीज सत्राच्या एकूण क्रेडिटने भागली की एसजीपीए मिळतो, आणि सर्व सत्रांच्या पॉइंटची बेरीज सर्व क्रेडिटने भागली की सीजीपीए मिळतो. दोन्ही आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत छापले जातात, आणि हे छापणेच पुढे दिशाभूल करते.

आपण एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. तिची पदवी तीन वर्षांची, म्हणजे सहा सत्रांची आहे. पहिले सत्र २० क्रेडिटचे होते, त्यानंतरची सर्व सत्रे २२ क्रेडिटची आहेत. यादीची अट आहे ९.०० किंवा अधिक. पाच सत्रांचे निकाल असे आहेत:

| सत्र | क्रेडिट | एसजीपीए | क्रेडिट पॉइंट |
|---|---|---|---|
| पहिले | २० | ८.३० | १६६ |
| दुसरे | २२ | ८.६८ | १९१ |
| तिसरे | २२ | ९.०९ | २०० |
| चौथे | २२ | ९.१८ | २०२ |
| पाचवे | २२ | ९.२३ | २०३ |
| एकूण | १०८ | | ९६२ |

शेवटचा रकाना गुणपत्रकावर छापलेला असेल तर तो तसाच उतरून घ्यावा. नसेल तर एसजीपीएला सत्राच्या क्रेडिटने गुणावे आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात घ्यावे. दुसऱ्या सत्राचे ८.६८ गुणिले २२ म्हणजे १९०.९६ येतात, क्रेडिट आणि श्रेणीगुण दोन्ही पूर्णांक असल्यामुळे खरा आकडा १९१ च असणार. एका सत्राचे क्रेडिट शंभराच्या आत असतात तोवर ही युक्ती चुकत नाही, कारण दोन दशांशांत छापल्यामुळे येणारा फरक अर्ध्या पॉइंटपेक्षा कमीच राहतो. अर्ध्या क्रेडिटचे विषय असतील तर मात्र ती वापरू नये. तेथे विषयवार पॉइंट मोजावेत.

छापलेल्या सीजीपीएवरून एकदम उलटे जाण्याचा मोह टाळावा. ८.९१ गुणिले १०८ म्हणजे ९६२.२८ येतात आणि या उदाहरणात ९६२ हे बरोबरही ठरते, पण क्रेडिट शंभराच्या पुढे गेले की छापील सीजीपीएमागे काही वेळा दोन वेगळे पूर्णांक दडलेले असू शकतात. शेवटी एका पॉइंटवर गोष्ट अडणार असेल, तर सत्रवार बेरीज करण्यात गेलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एसजीपीएंची साधी सरासरी. पाच एसजीपीएंची बेरीज ४४.४८ येते, सहा सत्रांसाठी ५४ हवेत, म्हणून शेवटच्या सत्रात ९.५२ हवेत, असे कोणी म्हणेल. सर्व सत्रांचे क्रेडिट समान असते तर हे चालले असते. येथे पहिले, सर्वांत कमी निकालाचे सत्र २० क्रेडिटचे असल्याने त्याचे वजन थोडे कमी आहे, आणि साध्या सरासरीने उगाच जास्त उत्तर येते. उलट परिस्थितीत, म्हणजे कमी निकालाचे सत्र मोठे असेल तर, हीच पद्धत कमी उत्तर देऊन फसवते, आणि ते अधिक धोक्याचे आहे.

तूट आणि तिचा भागाकार

आता मुख्य पायरी. पदवीचे एकूण क्रेडिट १०८ अधिक २२, म्हणजे १३०. त्यावर ९.०० ची सरासरी राहायची तर १३० गुणिले ९, म्हणजे ११७० पॉइंट हवेत. हातात ९६२ आहेत. म्हणजे शेवटच्या सत्रात २०८ पॉइंट मिळवायचे आहेत, आणि २०८ भागिले २२ केले की ९.४५ येतात. तक्ता संगणकावर केला असेल तर हेच असे लिहिता येते:

```
=(9*130-962)/22
```

पण मला त्याच हिशेबाची दुसरी मांडणी जास्त उपयोगी वाटते, कारण तिच्यातून कारण दिसते. झालेल्या १०८ क्रेडिटवर नऊच्या दराने ९७२ पॉइंट व्हायला हवे होते, झाले ९६२. म्हणजे १० पॉइंटची तूट आहे. ही तूट आता फक्त २२ क्रेडिटमधून भरून काढायची आहे, म्हणून प्रत्येक क्रेडिटमागे नऊच्या वर १० भागिले २२, म्हणजे सुमारे ०.४५ जास्त लागतात. कट्ट्यावरच्या ९.०९ वाल्या हिशेबाची चूक येथे उघडी पडते: १०८ क्रेडिटवर पसरलेली ०.०९ ची कमतरता २२ क्रेडिटमध्ये भरायची असेल, तर ती जवळजवळ पाचपट होते. शेवटचे सत्र जितके लहान, तितका हा गुणक मोठा. काही अभ्यासक्रमांत शेवटच्या सत्रात प्रकल्पामुळे क्रेडिट कमी ठेवलेले असतात आणि विद्यार्थ्यांना ते सोपे सत्र वाटते. तूट भरायची असेल तर तेच सत्र सर्वांत अवघड ठरते.

उत्तर अपूर्णांकात आले तर पॉइंट नेहमी वरच्या पूर्णांकात घ्यावेत. मर्यादा ९.२५ असती तर १३० क्रेडिटवर १२०२.५ पॉइंट लागले असते, आणि अर्धा पॉइंट कोणी देत नाही, म्हणून १२०३. सीजीपीए आधी दोन दशांशांत आणून मग मर्यादेशी ताडला जात असेल, तर त्या उदाहरणात १२०२ वरही काम झाले असते, कारण १२०२ भागिले १३० म्हणजे ९.२४६, आणि तो ९.२५ असाच छापला जातो. मात्र आपल्या उदाहरणात अशी सवलत नाही. ११६९ पॉइंट झाले तर सीजीपीए ८.९९२ येतो आणि ८.९९ छापला जातो. १३० क्रेडिटच्या पदवीत एक पॉइंट म्हणजे सीजीपीएमध्ये सुमारे ०.००८, आणि तेवढे अंतर दोन दशांशांत आणताना भरून निघत नाही.

९.४५ विषयांत वाटून पाहणे

"मला ९.४५ हवेत" एवढे कळून अभ्यासाचे नियोजन होत नाही, कारण ९.४५ ही श्रेणी कोणत्याच विषयात मिळत नाही. म्हणून २०८ चा आकडा विषयांत उतरवावा. समजा, सहाव्या सत्रात दोन मुख्य विषय, एक वैकल्पिक विषय आणि कार्यप्रशिक्षण हे प्रत्येकी ४ क्रेडिटचे आहेत, आणि एक गौण विषय, एक प्रात्यक्षिक व एक कौशल्य अभ्यासक्रम हे प्रत्येकी २ क्रेडिटचे आहेत. सगळीकडे ओ मिळाला तर २२० पॉइंट होतात. हवेत २०८. म्हणजे आपल्याकडे १२ पॉइंट गमावण्याची मुभा आहे, आणि पुढचा सगळा विचार या बाराचा खर्च कोठे करायचा एवढाच आहे.

४ क्रेडिटच्या विषयात ओ ऐवजी ए प्लस मिळाला तर ४ पॉइंट जातात, ए मिळाला तर ८. २ क्रेडिटच्या विषयात प्रत्येक पायरीला २ जातात. त्यामुळे तीन मोठ्या विषयांत ए प्लस आणि उरलेल्या चारही ठिकाणी ओ असा निकाल लागला तर बरोबर २०८ होतात. एका मोठ्या विषयात ए, दुसऱ्यात ए प्लस आणि बाकी पाचांत ओ, तरीही २०८. एकाच मोठ्या विषयात बी प्लसपर्यंत घसरण झाली तर सगळा बारा तेथेच संपतो. आणि २ क्रेडिटच्या एका अभ्यासक्रमात अनुत्तीर्ण झाल्यास २० पॉइंट जातात, म्हणजे विषय कितीही किरकोळ असला तरी यादी गेली.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात येते. या सत्रातील सर्व विषयांचे क्रेडिट सम असल्याने एकूण पॉइंटही समच येणार. २०८ च्या लगेच खाली २०६ आहे आणि त्याचा एसजीपीए ९.३६. म्हणजे ९.३६ आणि ९.४५ यांच्या मध्ये कोणताही निकाल लागूच शकत नाही. "९.४० तरी येईल" असे कोणी म्हणाले, तर हा आकडा त्याच्या गुणपत्रकावर येणे शक्य नाही, हे त्याला सांगायला हरकत नाही.

श्रेणी जिथे बदलते ते गुण

बाराचा खर्च ठरवताना आवडनिवड पाहू नये, अंतर्गत गुण पाहावेत. गुणांच्या कोणत्या टप्प्याला कोणती श्रेणी, हे संस्थेनुसार बदलते. आपण ९० पासून ओ आणि ८० पासून ए प्लस असे धरू. ४ क्रेडिटच्या एका मुख्य विषयात अंतर्गत मूल्यमापन ४० गुणांचे आणि सत्रांत परीक्षा ६० गुणांची आहे, आणि तिला अंतर्गत ३४ मिळाले आहेत. ओ मिळवायचा तर सत्रांत परीक्षेत ६० पैकी ५६ हवेत, जे अपवादानेच मिळतात. ए प्लससाठी ४६ पुरतात. म्हणजे या विषयात एक पायरी, म्हणजे ४ पॉइंट, आताच खर्ची टाकावेत आणि ४६ च्या वर सुरक्षित अंतर ठेवून, समजा ४९-५० चे लक्ष्य धरून, उरलेला वेळ दुसरीकडे द्यावा. दुसऱ्या मुख्य विषयात अंतर्गत ३९ असतील तर तेथे ५१ वर ओ मिळतो. तो विषय सोडू नये.

८१ आणि ८९ या दोन्ही गुणांना तीच श्रेणी, तेच ९ श्रेणीगुण मिळतात. टक्केवारीच्या सवयीमुळे विद्यार्थी प्रत्येक विषयात थोडे थोडे गुण वाढवायला धावतात. श्रेयांक पद्धतीत ८३ चे ८७ केल्याने काहीच पदरात पडत नाही, आणि ८९ चे ९० केल्याने मोठ्या विषयात ४ पॉइंट मिळतात. प्रात्यक्षिक आणि कौशल्य अभ्यासक्रमांत सातत्याने काम केले तर ओ तुलनेने सहज मिळतो, म्हणून दोन क्रेडिटचे हे अभ्यासक्रम "छोटे आहेत" असे म्हणून सोडून देणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते. तिन्ही ठिकाणी एकेक पायरी गेली तर ६ पॉइंट, म्हणजे अर्धी मुभा, परीक्षेच्या आधीच संपते.

कधी आशा सोडावी

शेवटच्या सत्रात जास्तीत जास्त २२० पॉइंट मिळू शकतात. ११७० मधून ते वजा केले की ९५० उरतात. पाच सत्रांअखेर ९५० पेक्षा कमी पॉइंट असतील, म्हणजे सीजीपीए सुमारे ८.८० च्या खाली असेल, तर सगळीकडे ओ मिळूनही ९.०० होत नाही. भागाकाराचे उत्तर दहाच्या वर आले की तेच समजावे. उत्तर ९.९ च्या आसपास आले तर ते गणिताने शक्य असते, पण एका मोठ्या विषयातील एका पायरीचीही मुभा त्यात उरत नाही: ९.९१ म्हणजे २१८ पॉइंट, आणि गमावता येतात फक्त दोन.

म्हणूनच हा हिशेब पाचव्या सत्रानंतर करण्यापेक्षा तिसऱ्या सत्रानंतर केलेला बरा. याच विद्यार्थिनीची तीन सत्रांअखेरची स्थिती पाहा. ६४ क्रेडिटवर नऊच्या दराने ५७६ हवे होते, झाले ५५७, म्हणजे तूट १९ पॉइंटची. पण भरायला ६६ क्रेडिट शिल्लक होते, म्हणून उरलेल्या तीन सत्रांत सरासरी ९.२९ पुरले असते. तिने चौथ्या आणि पाचव्या सत्रात ९.१८ आणि ९.२३ मिळवले, तूट १९ वरून १० वर आणली, आणि तरीही शेवटच्या सत्रासाठीची गरज ९.४५ पर्यंत चढली. निकाल चांगले येत असतानाही गरज वाढत जाते, याचे कारण इतकेच की तिचे दोन्ही निकाल ९.२९ च्या खाली होते.

निकालानंतर दोन पॉइंट कमी पडले तर

समजा, निकाल लागला आणि तीन मोठ्या विषयांत ए प्लस, एका गौण विषयात ए प्लस, बाकी ठिकाणी ओ असा आला. एकूण २०६, सीजीपीए ८.९८. आता पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा, तर कोणत्या विषयासाठी? तीन मोठ्या विषयांत तिला ८४, ८६ आणि ८७ आहेत. गौण विषय ५० गुणांचा असून त्यात ४४ आहेत आणि ४५ ला ओ लागतो. मोठ्या विषयातील पायरी ४ पॉइंट देते म्हणून तिकडे धावण्याचे कारण नाही. हवे आहेत दोनच, आणि गौण विषयात ते एका गुणावर आहेत. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, बेरीज आणि न तपासलेला एखादा प्रश्न पाहावा, आणि मगच अर्ज करावा. पुनर्मूल्यांकन साधारणतः लेखी परीक्षेपुरतेच असते, अंतर्गत गुण आणि प्रात्यक्षिके त्यात येत नाहीत. म्हणून ते गुण सत्र संपण्याआधी, त्यांची यादी फलकावर लागते त्याच आठवड्यात, तपासून घ्यावेत. छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांच्या मुदती निकालाच्या तारखेपासून मोजल्या जातात आणि शुल्क विषयागणिक भरावे लागते, तेव्हा कोणता विषय निवडायचा हा हिशेब निकाल दिसताच, त्याच दिवशी करावा.